दुकान बंद केल्याचं पहिलं पत्र फाडून टाका

बाळ उठत नव्हतं. तळपायाला टिचक्या मारल्या, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, तरी डोळे उघडेनात. श्वास चालू होता, पण एक श्वास झाला की दुसरा येईपर्यंत खोलीतले सगळे थांबून राहत. अडीच महिन्यांची मुलगी. राहुरीच्या दवाखान्यातल्या पलंगावर ती, उशाशी तिची आई प्रियंका आणि प्रियंकाच्या मुठीत चुरगळलेलं माझं पत्र.

मी दारात उभी होते. हातात पिशवी होती, पिशवीत दुकानातली मुळं, फळं आणि माझी सहाण.

डॉक्टरांनी तिच्या हातातून पत्र घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"तुम्ही कोण?"

"दुकानदार."

"डॉक्टर नाही, वैद्य नाही?"

"चौथी पास," मी म्हणाले.

गिऱ्हाईक मंडळींनो, हे माझं तुम्हाला दुसरं पत्र. दुकान बंद होतंय हे सांगणारं पहिलं पत्र मी तुम्हाला दिवाळीआधी दिलं होतं. ते ज्यांच्या घरात अजून असेल त्यांनी आधी उठून ते फाडावं, मग पुढे वाचावं. या अंकाच्या संपादकांनी मला दुकानातले अनुभव लिहायला सांगितले. मी म्हणाले, अनुभव नको, पत्र छापा. जिथे मी पोचले नाही तिथे तुमचा अंक पोचेल.

ज्यांना माझं दुकान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. राहुरीच्या बाजारपेठेत सासऱ्यांनी काढलेलं काष्ठौषधीचं दुकान. म्हणजे झाडपाल्याची मुळं, साली, फळं, बिया. हिरडा, बेहडा, सुंठ, वेखंड, जेष्ठमध, अश्वगंधा. पत्र्याचे डबे आणि काचेच्या बरण्या, त्यावर चिठ्ठ्या. नवरा गेला तेव्हा मुलगा सुनील तिसरीत होता. मी गल्ल्यावर बसले ती परवापर्यंत. माल ओळखायला मला शाळा लागली नाही. वेखंड मोडून वास घ्यायचा, जेष्ठमध चावून बघायचं, हिरडा पाण्यात टाकून बघायचा, बुडला तर घ्यायचा. व्यापारी फसवायला बघायचे. नगरच्या एकाने एकदा मला अश्वगंधा म्हणून भलतीच मुळी दिली. मी मुळी हातात चोळली आणि म्हणाले, "शेठ, हिला घोड्याचा वास कुठंय? ही तर शेळी पण न्हाई." नाव एवढ्याचसाठी पडलंय, ओल्या मुळीला घोड्याचा वास येतो. त्याने पोतं परत नेलं.

पण दुकान चाललं ते बाळगुटीवर. अठरा वीस वस्तूंची पुडी. त्यातली एकेक वस्तू सहाणेवर पाण्यात उगाळायची आणि ते पाणी बाळाला चाटवायचं. एकदा गोल फिरवलं की एक वेढा. कुठल्या वस्तूचे किती वेढे, ते बाळाच्या महिन्यांवर. पुडी घ्यायला बाई आली की मी तिला नुसती पुडी देत नसे. माझी सहाण गल्ल्यावर असायची. तिला म्हणायचे, "बस. उगाळून दाखव." ती उगाळायची, मी बघायचे. कुणाचा हात हलका, कुणाचा जड. जड हाताच्या बाईला मी म्हणायचे, "बाई, बाळाला गुटी द्यायचीये, भिंतीला गिलावा न्हाई." पाण्याचा रंग बघून मी मान हलवली की मग पुडी बांधायची. दोन पिढ्यांच्या सुना त्या गल्ल्यावर बसून उगाळून गेल्या.

या गुटीवरून माझं आणि मार्था सिस्टरचं तीस वर्षं भांडण. सिस्टर सरकारी दवाखान्यात होत्या, आता निवृत्त झाल्या, तरी अजून रोज तिथे जाऊन बसतात. रविवारी चर्चहून परतताना त्या दुकानात जेष्ठमध घ्यायला यायच्या आणि पुड्या बांधताना मला बघितलं की सुरू व्हायच्या.

"मावशी, सहा महिने आईचं दूध. दुसरं थेंबभर पन न्हाई. किती वेळा सांगू?"

"तुमच्या आईनं तुमाला काय दिलं हुतं?"

"गुटी."

"मग? एवढ्या मोठ्या झालात ना?"

"माझी दोन भावंडं न्हाई झाली मोठी, त्याचं काय?" असं म्हणून त्या जेष्ठमधाचा तुकडा दाढेखाली ठेवून निघून जायच्या. मी हसायचे. त्या वाक्याला हसायला नको होतं, हे मला फार उशिरा कळलं.

दुकान बंद करायचं कारण साधं आहे. गुडघे. माळ्यावर चढता येत नाही आणि माल माळ्यावर असतो. सुनील सुप्याला कारखान्यात आहे, त्याला हिरडा आणि बेहडा यातला फरक सांगता येत नाही आणि मी तो शिकवलाही नाही. आता गुटीसुद्धा बाटलीत तयार मिळते. त्यामुळे रडायचं काही कारण नव्हतं. मी रडलेही नाही.

सुनील म्हणाला, "आई, कागदावर दोन ओळी लिही आणि दाराला चिकटव. दुकान बंद होत आहे, धन्यवाद."

मला ते पटलं नाही. दुकान बंद करणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. लोकांचं बरंच काही दुकानात अडकलेलं असतं. कुटायला दिलेली औषधं असतात, ती चूर्ण होऊन डब्यात बसलेली असतात. कुणाचा खलबत्ता दांडा बसवायला आलेला असतो. कुणी दर अमावास्येला येतं, त्याला एका अमावास्येला कुलूप दिसलं तर तो पन्नास किलोमीटर परत जाणार. म्हणून मी लिहायला बसले. शेवटचा दिवस कोणता ते लिहिलं. कुटायचं असेल ते त्याआधी आठ दिवस आणून द्या, कारण नंतर कुटणारी बाई येणार नाही. तुमचं काही राहिलं असेल ते घेऊन जा, नंतर ते सुनीलच्या घरी असेल. हिरडा, सुंठ कुठे चांगली मिळेल ते लिहिलं आणि कुठे घेऊ नका तेही लिहिलं, ते वाक्य सुनीलने खोडलं. जुना, किडीचा माल मी कुणालाही स्वस्तात देणार नाही, तो जाळणार, कुणी मागू नये. परवाना परत करायचा होता, पाटी काढायची होती. हे सगळं एका बाजूत मावलं.

कागदाची दुसरी बाजू कोरी राहिली. तिथे माझी चूक झाली.

प्रत्येक बाई मला एकच विचारत होती. "मावशी, तुमी न्हाई तर गुटीचं कोन सांगनार?" मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. म्हणून मी मागच्या बाजूला गुटीतली एकेक वस्तू लिहिली, तिच्यापुढे महिने लिहिले आणि महिन्यांपुढे वेढे. ते आकडे मी इथे लिहिणार नाही. चाळीसेक वर्षं जे डोक्यात होतं ते पहिल्यांदा कागदावर आलं. सुनीलने झेरॉक्स काढून आणल्या. जो येईल त्याचा माल मी त्या कागदात बांधून द्यायला लागले. पत्र हरवायला नको, पुडी सोडताना वाचलं जाईल, अशी माझी अक्कल.

आणि आणखी एक केलं. माळ्यावर डझनभर नव्या सहाणा पडून होत्या, पाथरवटाने टाकी मारून दिलेल्या, कुणी घेतल्या नव्हत्या. ज्या घरात तान्हं बाळ होतं तिथे मी पत्राबरोबर एकेक सहाण दिली. घरोघरी गुटी चालू राहील म्हणून.

दुकान बंद व्हायला आठ दिवस होते. सकाळी मी बरण्यांवरच्या चिठ्ठ्या काढत होते, तर मार्था सिस्टरचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "मावशी, धरणाकाठच्या हिराबाईची नात आणलीये. उठत न्हाई. गुटी दिल्ती म्हनतात. तुमची मुळं सगळी घेऊन या. सहाण पन आणा."

हिराबाई माझी जुनी गिऱ्हाईक. तिच्या तिन्ही पोरांची गुटी माझ्याकडची. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून या वेळी सुनेने, प्रियंकाने, पत्र वाचून गुटी उगाळली होती. बाळ दोन दिवस पोट दुखून रडत होतं. संध्याकाळी गुटी दिली, बाळ झोपलं, रात्रभर रडलं नाही. घरात सगळ्यांना झोप मिळाली, सगळे खूश. सकाळी दूध पाजायला उचललं तर मान खाली लोंबली.

आता दवाखान्यात ती प्रियंका माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुमी लिवलंय तेवढंच दिलं. एक वेढा जास्त न्हाई. मोजून दिलं मी."

डॉक्टरांनी सलाईन लावलं होतं, नळी लावली होती, नगरहून गाडी मागवली होती. गाडी येईपर्यंत त्यांना बाळाच्या पोटात किती गेलं ते हवं होतं. ते मला म्हणाले, "या गुटीतल्या जायफळाने गुंगी येते. पण एवढ्याशा वेढ्यांनी इतकी येऊ नये. तुम्ही मला करून दाखवा."

सिस्टरने दोन वाट्यांत पाणी आणलं. मी माझी सहाण काढली, जायफळ घेतलं आणि पत्रात लिहिले होते तेवढे वेढे दिले. पाण्याला जेमतेम रंग आला. डॉक्टर म्हणाले, "हे तर काहीच नाही."

तेव्हा हिराबाईने पिशवीतून दुसरी सहाण काढली. मीच दिलेली, नवी. "हिच्यावं उगाळलं हुतं," ती म्हणाली.

मी त्या सहाणेवरून बोट फिरवलं आणि मला सगळं कळलं. वेढा द्यायच्या आधीच कळलं.

माझी सहाण सासऱ्यांची. इतक्या वर्षांत उगाळून उगाळून तिला तळहातासारखा खळगा पडला आहे, वरून हात फिरवला तर काचेसारखी लागते. तिच्यावर वस्तू घसरते. नवी सहाण म्हणजे किसणी. तिच्यावर मी तेवढेच वेढे दिले, हलक्या हाताने, आणि वाटीतलं पाणी घट्ट तपकिरी झालं. एक वाटी म्हणजे चहाचं फडकं विसळलेलं पाणी, दुसरी म्हणजे चहाच. डॉक्टरांनी दोन्ही वाट्या नाकाशी नेल्या आणि कागदावर लिहून घेतलं.

माझे आकडे बरोबर होते. पण ते माझ्या दगडाचे आकडे होते. मला दुसरा दगड माहीतच नव्हता. गल्ल्यावर बसवून शिकवताना ही चूक कधी झाली नसती, कारण मी वेढे मोजत नव्हतेच, मी रंग बघत होते. वेढे तोंडाने म्हणायचे आणि डोळ्याने रंग बघायचे. कागदावर तोंड आलं, डोळे आले नाहीत.

गाडी आली. प्रियंका बाळाला घेऊन बसली, शेजारी हिराबाई, प्रियंकाचा नवरा पुढे बसला. मीही चढायला लागले तर सिस्टरने माझा दंड धरला.

"तुमी कुठं?"

"नगरला. मला तिथं थांबू द्या."

"तिथं बसून काय करनार? रडनार? रडायला तिची आज्जी हाय." मग दंड न सोडता हळूच म्हणाल्या, "मावशी, अशी पत्रं किती वाटली?"

मी मनात मोजायला लागले. ऐंशी झेरॉक्स काढल्या होत्या. दुकानात दहाबारा उरल्या होत्या.

"मग घरी जा आनि गोळा करा," त्या म्हणाल्या.

कुणाकुणाला दिली याची यादी नव्हती. वहीत गिऱ्हाइकांची नावं लिहायची आमच्यात पद्धत नाही. मी दुकानात येऊन रिकाम्या फळ्यांसमोर बसले आणि एकेक बरणी आठवायला लागले. गिऱ्हाईक मला बरणीवरून आठवतं. हिरड्याचा डबा म्हटला की निवृत्त गुरुजी. अश्वगंधा म्हटली की सत्तरीचा पैलवान, जो अजून म्हणतो की पुतण्यासाठी नेतोय. सुंठ, वेखंड, नागरमोथा. अशी एकेक बरणी मनात उघडत मी माणसं काढली आणि सुनीलला फोनवर सांगत गेले. त्याने रजा टाकली आणि येताना जीप घेऊन आला. माझ्यावर रागावला नाही. त्याचं मला जास्त लागलं.

आधी तान्ही बाळं असलेली घरं. तिथे मी स्वतः गेले. दारातच म्हणायचे, "पत्र द्या आणि सहाण द्या. चहा नको." दोन घरांत अजून गुटी सुरू व्हायची होती. एका घरात सुरू झाली होती, पण सासू जुनी होती, तिने नवी सहाण ठेचा वाटायला घेतली होती आणि गुटी आपल्या जुन्या दगडावर उगाळत होती. त्या ठेच्याला मी हात जोडले. तीनही बाळं मी सिस्टरकडे दाखवायला पाठवली.

गुरुजींचं पत्र माझ्याआधी दुकानात आलं होतं. त्यांनी लाल शाईने शुद्धलेखन तपासून परत पाठवलं होतं. बाविसेक चुका काढल्या होत्या. मागच्या बाजूला खाली "मजकूर उत्तम" असा शेरा होता. माझी एक चूक त्यांना सापडली नाही, त्यात त्यांचा दोष नाही. ती कागदावर नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी पुणतांब्याला गेलो. तिथली एक म्हातारी पत्र देईना. "तुमचं आक्षर हाय मावशी. देवापुढं ठिवलंय. सुनंला दिवस गेल्यात, पुढं लागंल." मी चप्पल काढून आत गेले आणि देवापुढचं पत्र उचलून तिच्यासमोर फाडलं. ती म्हणाली, "आवो, देवापुढचं फाडू न्हाई." मी म्हणाले, "हे ठेवलं तर पोरगं देवाकडं जाईल. कुठलं ठेवायचं ते तू सांग." तिने खालचे तुकडे वेचले. मग म्हणाली, "तुमी लई बदलल्या." बदलले खरी. एका सकाळीत.

या दोन दिवसांत नगरहून फारसं काही कळलं नव्हतं. प्रियंकाच्या नवऱ्याला फोन करायचं मला धाडस नव्हतं. सिस्टर नगरच्या ओळखीच्या नर्सला विचारत आणि मला एकच शब्द सांगत, "हाय." म्हणजे श्वास आहे. मी पुढे विचारत नसे.

ठरलेल्या दिवशी मी दुकान बंद केलं नाही. विकायला काही ठेवलं नव्हतं. रिकाम्या दुकानात गल्ल्यावर महिनाभर बसले, लोक पत्र आणून द्यायचे, मी ते मोजून डब्यात टाकायचे. बाजारच्या दिवशी लोक विचारायचे, "मावशी, काय विकताय?" मी म्हणायचे, "काही न्हाई. घेतीये." महिन्याअखेरीस एकसष्ट जमली. सात राहिली असावीत. शिवाय एकीच्या मुलीने मागच्या बाजूचा फोटो काढून पुण्याला मैत्रिणींना पाठवला होता. सुनील म्हणतो, फोटो परत मागता येत नाही. म्हणून हे पत्र छापून घेते आहे.

तेव्हा सांगते, स्पष्ट सांगते. माझ्या नावाचा, वेढ्यांचे आकडे असलेला कागद कुणी दाखवला तर मानू नका. तान्ह्या बाळाला सहा महिने आईचं दूध द्या आणि रडलं तर दवाखान्यात न्या. हे मार्था सिस्टरचं वाक्य आहे. तीस वर्षं मी ते हसून सोडून दिलं, आता माझ्या सहीखाली लिहिते आहे. माझ्या गुटीवर वाढलेली तुमची मुलं धडधाकट आहेत, मला माहीत आहे, तुम्ही मला तेच सांगाल. जी वाढली ती तुम्ही दाखवता. जी वाढली नाहीत त्यांच्या आया माझ्या दुकानात परत आल्या नसतील. मी कधी मोजलं नाही.

नव्या सहाणा परत आल्या त्या पाथरवटाला नेऊन दिल्या. सासऱ्यांची सहाण माझ्या घरी आहे. तिच्यावर मी चंदनसुद्धा उगाळत नाही. पाटी काढली, परवाना परत केला. कुटलेल्या औषधांचे पाच डबे अजून सुनीलकडे आहेत, ज्यांचे आहेत त्यांनी न्यावेत, डब्यावर गावाचं नाव आहे.

बाळाला नगरला नेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर स्वतः दुकानात आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "रडली. भुकेनं रडली. दूध पेली." मग आत येऊन गल्ल्यासमोर त्या जागेवर बसल्या, जिथे सुना उगाळायला बसायच्या, आणि म्हणाल्या, "जेष्ठमध हाय का संपलं?" एक तुकडा उरला होता, तो दिला.

प्रियंकाने अजून मला माफ केलेलं नाही. बाजारात दिसते, बोलत नाही. तिचं बरोबर आहे. मुलगी आता रांगते. तिचं नाव स्वरा. ती जगली.